औषधाच्या डब्यातल्या पत्रकाचा फोटो: आधी कुठला तुकडा कापायचा, आणि कापताना काय हरवतं

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी उरकली की निफाड, दिंडोरी, चांदवडकडून माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. बुरशीनाशकाच्या किंवा कीटकनाशकाच्या डब्यात घडी घालून ठेवलेला तो पातळ कागद असतो. दोन्ही बाजूंनी छापलेला, चार-पाच भाषांचा, मुंगीएवढ्या अक्षरांचा. सोबत एकच ओळ असते: "ताई, यात काय लिहिलंय ते मराठीत सांगा." सगळा कागद भाषांतरित करायला अर्धा दिवस जातो आणि फवारणी तर पहाटेच करायची असते. म्हणून कुठला भाग आधी घ्यायचा हे ठरवावंच लागतं. त्याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. अख्ख्या कागदातला कुठला भाग तुम्ही आधी मराठीत करून देता?

मात्रेच्या तक्त्यातली द्राक्षाची ओळ. पण ती ओळ एकटी कधीच घेत नाही. तिच्यासोबत आणखी तीन गोष्टी लागतात: तक्त्याचं डोकं, म्हणजे रकान्यांची नावं, तक्त्याखालच्या बारीक टिपा, आणि औषधाच्या रासायनिक नावाची पट्टी, जिथे टक्केवारी आणि डब्ल्यूपी, एससी, ईसी असा प्रकार लिहिलेला असतो. हे चारही भाग कागदावर एकमेकांपासून लांब असतात. त्यामुळे एका चौकोनात ते क्वचितच मावतात, आणि ते चार वेगळे तुकडे म्हणूनच घ्यावे लागतात.

ही ओळ आधी घेण्याचं कारण असं की पुढच्या बारा तासांत शेतकऱ्याचा हात ज्या आकड्यावर चालणार, तो आकडा तिथे असतो. त्याच्या मागोमाग फवारणाऱ्याने घ्यायची काळजी येते: हातमोजे, तोंडावरचं कापड, वाऱ्याची दिशा. साठवणूक, रिकाम्या डब्याची विल्हेवाट आणि कंपनीची जबाबदारी झटकणारा मजकूर दुसऱ्या दिवशी केला तरी चालतो. विषबाधेचा प्रसंग असेल तर हा क्रम सगळा बदलतो. त्यासाठी प्रश्न १० पाहा.

२. वर मोठ्या ठळक अक्षरांत असतं ते आधी का नाही? महत्त्वाचं तेच मोठं छापतात ना?

या कागदावर तसं होत नाही. मोठ्या अक्षरांत विक्रीचं नाव असतं, आणि त्याखाली औषध किती गुणकारी आहे याचा परिच्छेद. ते नाव तुम्हाला दुकानातच कळलेलं असतं. मात्रा, पाण्याचं प्रमाण आणि प्रतीक्षा काळ, म्हणजे शेवटच्या फवारणीपासून काढणीपर्यंत थांबायचे दिवस, मात्र सगळ्यात बारीक अक्षरांत असतात, कारण वीसेक पिकं एका तक्त्यात बसवायची असतात. फोटो पाहताना डोळा आपोआप मोठ्या अक्षरांकडे जातो. म्हणून मी फोटो उघडल्यावर आधी रेघांची चौकट शोधते, अक्षरं नंतर.

३. पूर्ण फोटो पाठवतो, कापायचं ते तुम्हीच कापा. चालेल का?

पूर्ण फोटो हवाच, पण तुकडे तुमच्या फोनवरच कापून पाठवलेत तर अक्षरं जास्त स्पष्ट मिळतात. फोनचा साधा बारा मेगापिक्सेलचा फोटो सुमारे ४००० बाय ३००० ठिपक्यांचा असतो. व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या पद्धतीने पाठवताना त्याची लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर आणतं. म्हणजे जे अक्षर मूळ फोटोत २० ठिपके उंच होतं ते माझ्याकडे ८ ठिपक्यांचं होऊन येतं. आठ ठिपक्यांत ३ आणि ८ सारखेच दिसतात आणि दशांश चिन्ह पुसलं जातं. मी नंतर कितीही मोठं करून पाहिलं तरी गेलेलं परत येत नाही.

त्याउलट मूळ फोटोतून तुम्ही द्राक्षाच्या ओळीची १५०० ठिपक्यांची पट्टी कापून पाठवली, तर ती आकसत नाही आणि अक्षर २० ठिपक्यांचंच राहतं. नाहीतर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तसा पाठवला की तो जसाच्या तसा येतो.

फोटो काढतानाची एक युक्ती सांगते. कागद पातळ असल्यामुळे मागच्या बाजूची छपाई पुढे उमटते आणि दोन मजकूर एकमेकांत मिसळतात. कागदाखाली काळं कापड किंवा काळी फाइल ठेवा, मागची अक्षरं बरीचशी दबतात. फ्लॅश लावू नका, ओट्यावर सावलीत पण भरपूर उजेडात काढा.

४. फक्त द्राक्षाची ओळ कापून पाठवली तर नेमकं काय बिघडतं?

याचं उत्तर एका उदाहरणानेच देता येईल. आकडे हिशेब समजावण्यासाठी मी घेतलेले आहेत. ते कुठल्याही औषधाची मात्रा म्हणून वापरू नका.

समजा पन्नास टक्के डब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात मिसळायची भुकटी आहे. कापलेल्या पट्टीत एवढंच दिसतं: द्राक्ष, डावणी, २५०, ५००, १०००, ३०*. पाठवणारा विचारतो, "एकरी पाचशे ग्रॅम टाकू ना?"

पट्टीच्या वरती, कापताना गेलेल्या भागात, डोकं होतं. त्यात लिहिलं होतं 'मात्रा प्रति हेक्टर'. त्याखाली दोन रकाने: पहिला सक्रिय घटक, म्हणजे भुकटीतलं खरं औषध, ग्रॅममध्ये, दुसरा फॉर्म्युलेशन ग्रॅममध्ये. मग पाणी लिटरमध्ये, आणि शेवटी शेवटची फवारणी ते काढणी यांतले दिवस.

आता नीट हिशेब करू. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, आपण अडीच धरू. फॉर्म्युलेशन, म्हणजे डब्यातली प्रत्यक्ष भुकटी, हेक्टरी ५०० ग्रॅम, म्हणजे एकरी २०० ग्रॅम. पाणी हेक्टरी १००० लिटर, म्हणजे एकरी ४०० लिटर. लिटरला अर्धा ग्रॅम, दोनशे लिटरच्या टाकीला १०० ग्रॅम.

डोकं नसलेली पट्टी वाचून एकरी पाचशे ग्रॅम टाकले असते तर मात्रा अडीचपट झाली असती. पानं करपणं, मण्यांवर डाग पडणं, आणि माल परदेशात जाणार असेल तर अवशेषाच्या तपासणीत अडकणं, हे सगळं त्यातून येतं. दुसऱ्या कुणी मात्रा हेक्टरी आहे हे ओळखून भुकटीसाठी २५० हा आकडा उचलला असता तर मात्रा निम्मीच पडली असती. त्यात डावणी आटोक्यात येत नाही, आणि अर्धवट मात्रा खाऊन उरलेली बुरशी पुढच्या फवारण्यांना दाद देईनाशी होते. पट्टीतला एकही आकडा चुकीचा नव्हता. तो कशाचा आकडा आहे हे सांगणारी ओळ तेवढी कापली गेली होती.

म्हणून द्राक्षाची ओळ तक्त्यात खाली असेल तर दोन तुकडे पाठवा. एक डोक्याचा, एक ओळीचा, आणि दोन्हींत उभ्या रेघा पूर्ण दिसू द्या. मी ते एकाखाली एक लावून रकाने जुळवते.

५. आकडा पुसट आहे. तो बरोबर वाचला हे कसं ओळखायचं?

भुकटीच्या औषधासाठी एक सोपी पडताळणी आहे. सक्रिय घटकाचा आकडा भागिले फॉर्म्युलेशनचा आकडा, हे उत्तर डब्यावरच्या टक्केवारीशी जुळलं पाहिजे. वरच्या उदाहरणात २५० भागिले ५०० म्हणजे पन्नास टक्के, आणि डब्यावरही पन्नास टक्के, म्हणजे वाचन बरोबर. तुम्हाला २५० ऐवजी २८० दिसले असते तर छप्पन्न टक्के आले असते आणि तिथेच कळलं असतं की कुठलातरी अंक चुकीचा वाचला.

यासाठीच मी नावाची पट्टी मागते. टक्केवारी तिथेच असते, तक्त्यात नसते. जोड औषधात दोन घटक असतात, तेव्हा दोन्ही टक्केवाऱ्या वेगळ्या पडताळाव्या लागतात. द्रव औषधात सक्रिय घटक ग्रॅममध्ये आणि फॉर्म्युलेशन मिलीमध्ये असतं, त्यामुळे उत्तर तंतोतंत येत नाही, थोडं मागेपुढे होतं. तिथे ही कसोटी ढोबळ चूक पकडायला पुरते, शेवटच्या अंकासाठी नाही.

६. डावणीच्या ओळीत पिकाचं नावच नाही. ती ओळ द्राक्षाची आहे की बटाट्याची?

हा प्रश्न फार येतो, आणि तो कापण्यातूनच तयार होतो. तक्त्यात एका पिकाला तीन रोग असतील तर पिकाचं नाव प्रत्येक ओळीत छापत नाहीत. तीन ओळींची मिळून एक मोठी खिडकी करतात आणि नाव तिच्या मध्यावर एकदाच येतं. तुम्ही वरची किंवा खालची ओळ कापली की डावीकडची जागा रिकामी दिसते. कधी तर वरच्या पिकाच्या नावाची शेपटी तुकड्यात येते आणि गोंधळ वाढतो.

अक्षरं बघून हे सुटत नाही, आडव्या रेघा बघाव्या लागतात. डावीकडच्या पहिल्या रकान्यात जिथे आडवी रेघ आहे तिथे पीक बदलतं. रोगाच्या रकान्यातल्या रेघेला तो अर्थ नाही. म्हणून तुकडा कापताना तुमच्या ओळीच्या वरचं एक पूर्ण पीक आणि खालचं एक पूर्ण पीक सोबत घ्या. तुकडा लांबट झाला तरी चालेल.

७. तुकड्यात द्राक्ष कुठेच नाही. म्हणजे हे औषध द्राक्षावर चालत नाही का?

तुकडा पाहून मी असं सांगू शकत नाही. 'आहे' म्हणायला एक ओळ पुरते, पण 'नाही' म्हणायला पूर्ण तक्ता पाहावा लागतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. हे तक्ते अनेकदा एका बाजूला सुरू होऊन मागच्या बाजूला पुढे चालू राहतात, आणि तिथे डोकं पुन्हा छापलेलं असतंच असं नाही.

लेबल क्लेमचा प्रश्न असेल, म्हणजे हे औषध द्राक्षासाठी नोंदलेलं आहे की नाही हे पाहायचं असेल, तर काहीही कापू नका. कागदाच्या दोन्ही बाजूंचे पूर्ण फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. अशा वेळी मी फक्त पिकांच्या रकान्याची नावं वरपासून खालपर्यंत मराठीत लिहून देते, बाकी मजकूर सोडते. पाच मिनिटांचं काम असतं, आणि 'द्राक्षावर मारू नका' असं सांगायचं असेल तर तेवढं पुरेसं होतं.

८. कागदावर मराठीही असते. मग इंग्रजी तुकड्याचं भाषांतर कशाला?

असेल तर अजिबात नको. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार अशा पत्रकावर हिंदी, इंग्रजी आणि माल जिथे विकला जाणार तिथल्या एक-दोन प्रादेशिक भाषा असाव्या लागतात. महाराष्ट्रासाठी आलेल्या डब्यात मराठी मिळण्याची शक्यता चांगली. पण इंग्रजी भाग पुढे असतो, मराठी कुठल्यातरी घडीच्या आत, आणि फोटो काढणारा पहिली दिसेल ती बाजू काढतो. मला आलेल्या कित्येक फोटोंना मी एवढंच उत्तर दिलं आहे: "दादा, कागद पूर्ण उलगडा, मागे मराठी आहे."

शेजारच्या राज्यासाठी भरलेला माल आला तर मात्र तेलुगू, कन्नड किंवा गुजराती असते आणि मराठी नसते. तेव्हा इंग्रजी तुकडा मी भाषांतराला घेते आणि हिंदी तुकडा पडताळणीला मागते. दोन्हींत आकडे सारखेच असायला हवेत. एका भाषेत घडीमुळे गेलेला अंक दुसऱ्या भाषेत शाबूत सापडतो. तुकडा घट्ट कापला की ही सोय हातची जाते.

९. प्रतीक्षा काळाच्या आकड्याला तारा आहे. त्याचा अर्थ काय?

ताऱ्याला ठरलेला अर्थ नाही. त्या कागदावर, त्या तक्त्याखाली जे लिहिलं असेल तोच अर्थ. एखाद्या ठिकाणी हंगामात किती फवारण्या चालतील ते असतं, एखाद्या ठिकाणी पिकाची अवस्था, एखाद्या ठिकाणी पाण्याबद्दलची सूचना. टीप तक्त्याच्या तळाशी असते, म्हणजे द्राक्षाच्या ओळीपासून कागदभर लांब, आणि तुकड्यात ती जवळपास कधीच येत नाही.

माझ्याकडून ही चूक झाली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका बागायतदाराला मी 'काढणीआधी तीस दिवस' एवढं लिहून दिलं आणि आकड्यावरचा तारा मला फोटोवरचा डाग वाटला. दोन दिवसांनी त्याने पूर्ण कागद पाठवला तेव्हा कळलं की खाली फवारण्यांची मर्यादा होती. त्याची दुसरी फवारणी अजून व्हायची होती, म्हणून निभावलं. तेव्हापासून भाषांतरात मी तारा तसाच ठेवते आणि टीप मिळाली नसेल तर समोर 'टीप पाहिलेली नाही' असं लिहिते.

माल निर्यातीला जाणार असेल तर पत्रकावरचा प्रतीक्षा काळ पुरेसा नाही. युरोपची अवशेष मर्यादा आपल्यापेक्षा वेगळी असू शकते, आणि ज्या रसायनाला तिथे वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. मांजरी, पुणे इथलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र निर्यातीच्या बागांसाठी शिफारशीत औषधांची आणि त्यांच्या काढणीपूर्व कालावधीची यादी देतं. त्या यादीतले दिवस जास्त असतील तर तेच धरा.

१०. फवारणी करताना कुणाला चक्कर, उलटी झाली. कागदाचा कुठला भाग पाठवू?

मला काहीच पाठवू नका. १०८ ला फोन करा आणि माणसाला दवाखान्यात न्या. डबा आणि कागद सोबत घ्या. डॉक्टरांना मराठी भाषांतर नको असतं. त्यांना इंग्रजीतलं रासायनिक नाव, टक्केवारी आणि 'अँटिडोट' या शब्दाखालचा मजकूर हवा असतो, तो मूळ छापलेलाच द्या. डबा नेणं शक्य नसेल तर रासायनिक नावाची पट्टी आणि अँटिडोटचा भाग असे दोन तुकडे थेट दवाखान्यात पाठवा. विक्रीचं नाव पुरत नाही, कारण एकाच रसायनाची दहा नावं बाजारात असतात आणि एकाच नावाच्या जवळपासची दोन वेगळी रसायनंही.

उपचार औषधाच्या गटावर ठरतो. ऑर्गॅनोफॉस्फेट गटाला अ‍ॅट्रोपिन देतात, तर बऱ्याच औषधांच्या कागदावर 'खास उतारा नाही, लक्षणांनुसार उपचार' असंच असतं. ते वाचून घाबरू नका आणि घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका.

११. डब्यावरच्या रंगीत चौकोनाचा फोटोही लागतो का?

लागतो, आणि रंगीतच लागतो. डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो. त्याचा खालचा त्रिकोण लाल असेल तर अतिविषारी, पिवळा असेल तर जास्त विषारी, निळा मध्यम, हिरवा कमी विषारी. काळी-पांढरी झेरॉक्स काढून तिचा फोटो पाठवला की हे सगळं करडं होतं. शिवाय हा चौकोन डब्यावर असतो. घडीच्या कागदावर तो नसला तर त्याचा फोटो काढायचं कुणाच्याही लक्षात येत नाही. यात भाषांतर करायला शब्द जवळपास नसतात, पण फवारणाऱ्याने किती जपायचं हे मी त्या रंगावरून लिहिते.

१२. तुकडे पाठवले, उत्तर मिळालं. आता मूळ फोटो पुसून टाकू का?

हंगाम संपेपर्यंत ठेवा. तुकड्याला आपण कुठून आलो हे सांगता येत नाही. महिनाभराने फोनच्या गॅलरीत चार औषधांच्या चार सारख्या पट्ट्या पडलेल्या असतात आणि कुठली कुणाची ते कळत नाही. पट्टी कापल्यावर तिच्यावरच फोनमध्ये औषधाचं नाव आणि 'पुढची बाजू' किंवा 'मागची बाजू' असं लिहा. डब्यावरचा बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख यांचाही एक फोटो त्यासोबत ठेवा, त्या दोन्ही गोष्टी घडीच्या कागदावर नसतात.

१३. एका खोक्यात दोन पुड्या आणि एकच कागद. दोन तक्ते आहेत. कुठला कापू?

दोन्ही. अशा कॉम्बी पॅकमध्ये दोन पुड्या एकत्र मिसळायच्या असतात की वेगवेगळ्या वेळी मारायच्या, हे कुठल्याच तक्त्यात नसतं. ते दोन तक्त्यांच्या मधल्या परिच्छेदात, 'वापरण्याची पद्धत' या मथळ्याखाली असतं. तक्त्यांच्या चौकटी इतक्या ठळक असतात की मधला परिच्छेद कापताना हमखास जातो. अशा कागदाला मी प्रश्न १ मधला क्रम लावत नाही. आधी तो परिच्छेद, मग दोन्ही तक्त्यांतल्या द्राक्षाच्या ओळी आपापल्या डोक्यांसह, आणि प्रत्येक ओळीवर 'पुडी अ' किंवा 'पुडी ब' असं लिहून.

पुड्यांवर काहीच नाव नसेल आणि नुसता रंगाचा फरक असेल, तर पुड्या कागदावर ठेवून तिघांचा मिळून एक फोटो काढा. कुठला तक्ता कुठल्या पुडीचा, हे त्या एका फोटोवरूनच जुळवता येतं.